'मोठी माणसं' आणि तीन दिवसांची शांतता

"नाशिकहून सोलापूरला येऊन चार महिने झाले. ओळखी होतात, नंबर घेतले जातात, दोन दिवस गप्पा रंगतात. मग 'हो', 'बरं' आणि अंगठा यावर सगळं थांबतं. परवा एकीला गमतीत काहीतरी लिहिलं, तर तीन दिवस तिचं उत्तरच नाही. मी नेमकं काय चुकीचं लिहिते?"

असं विचारणाऱ्या ताईंना मी तो संवाद उघडून मोठ्याने वाचायला सांगितला. (त्यांच्या परवानगीने हे लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) समोरच्या बाईंशी ओळख झाली होती सकाळी सिद्धेश्वर तलावाकडे फिरताना. त्यांनी एकदा लिहिलं होतं, "सासूबाई आल्यात, त्यांच्यासाठी कडक भाकरी करतेय." यावर आमच्या ताईंचं उत्तर, "वा! छान." आणि अंगठा.

या उत्तरात कौतुक आहे, पण पुढे बोलायला काहीच नाही. समोरचीने बोलणं अडकवायला दोन खुंट्या दिल्या होत्या, सासूबाई आणि भाकरी. त्यातली एक धरायची, तिच्याबद्दल एकच प्रश्न विचारायचा आणि सोबत आपलंही थोडं काही द्यायचं. नुसते प्रश्न विचारत गेलं की चौकशी वाटते, नुसतं आपलंच सांगत बसलं की समोरचा कंटाळतो. ताईंनी तिथेच नवं उत्तर लिहून पाहिलं: "माझी भाकरी दुसऱ्या दिवशी मऊच पडते. तुम्ही तव्यावरच कडक करता की नंतर वाळवता?" आता या प्रश्नाला कुठल्याही सोलापूरकर बाईकडून निदान चार ओळी येणारच.

मग ती गंमत. मैत्रिणीने लिहिलं होतं, "उद्याही जमणार नाही, पाहुणे आहेत." ताईंनी लिहिलं, "हो, आता तुम्ही मोठी माणसं! आमची कशाला आठवण येईल?"

मी म्हटलं, हे एकदा हसत वाचा, एकदा चिडून, एकदा अगदी सपाट. तिसऱ्या वेळी त्या मध्येच थांबल्या. "अहो, हा तर टोमणा वाटतोय."

लिहिताना आपला आवाज आपल्या कानात चालू असतो, त्यामुळे तो अक्षरांतही उतरलाय असं वाटतं. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नेमकं हेच तपासलं. काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे पाठवायची आणि समोरच्याने कोणतं कसं ते ओळखायचं. पाठवणाऱ्यांना वाटलं, 100 पैकी 78 वेळा बरोबर ओळखलं जाईल. आवाजातून 73 वेळा ओळखलं गेलं, ईमेलमधून फक्त 56 वेळा. नाणं उडवूनही पन्नास येतातच.

जुनी मैत्रीण असती तर तिने फोन करून "काय गं, चिडलीस का?" असं विचारलं असतं. नवी ओळख असेल तर माणूस विचारत नाही, गप्प बसतो. म्हणून पहिले काही आठवडे तरी समोरच्यावर बेतलेली थट्टा लिहून पाठवू नये असं माझं ठाम मत आहे. करायचीच तर आवाजात रेकॉर्ड करून पाठवावी, हेल ऐकू येतो. टोमण्यापुढे हसरा चेहरा लावून काम भागत नाही, तो चेहराही कुत्सित वाटू शकतो.

दुरुस्तीसाठी ताईंनी नऊ ओळींचा खुलासा टाइप केला. मी पाठवू दिला नाही. एवढं मोठं वाचलं की समोरच्यावर आपली समजूत काढायचं ओझं पडतं. शेवटी गेलं ते एवढंच: "परवाचं 'मोठी माणसं' गमतीत लिहिलं होतं, पण वाचताना टोमणा वाटला असेल. मनात तसं नव्हतं. पाहुणे गेले की सांगा, तलावावर भेटू."

संध्याकाळी उत्तर आलं. "थोडं लागलं होतं खरं. पण त्यासाठी गप्प नव्हते, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, फोन बघायलाच सवड नव्हती." म्हणजे तिने वाक्याचा अर्थ चुकीचा घेतला होता आणि ताईंनी शांततेचा. तीन दिवस झोप गेली ती या दुसऱ्या चुकीमुळे.

पुढच्या भेटीत ताईंनी आणखी एक नंबर दाखवला, इमारतीतल्या शेजारणीचा. खुंटी धरून, आपलं सांगून तीनदा लिहिलं होतं. तिन्ही वेळा अंगठा, उलट प्रश्न एकही नाही. तिथे आम्ही लिहिणं थांबवायचं ठरवलं. ती शेजारीण जिन्यात भेटली की दहा मिनिटं हलत नाही, असं ताईच म्हणाल्या.