सलूनच्या गाळ्यावर सही करण्याआधी ब्रेक-ईव्हन कसा काढावा?

प्रश्न: युनिसेक्स सलून सुरू करायचंय, चार खुर्च्या मावतील असा गाळा पसंत पडलाय. मालक पाच वर्षांच्या करारावर सही मागतोय. त्याआधी ब्रेक-ईव्हन कसा काढू?

उत्तर:

मी माझ्या पहिल्या सलूनच्या वेळी महिन्याचा खर्च भागिले सरासरी बिल एवढाच हिशोब केला होता, आणि तो चुकीचा होता. बिलातले सगळे पैसे भाडं-पगारासाठी उरत नाहीत. त्यातून आधी कर जातो, मग रंग-शाम्पूसारखा माल, कारागिराचं कमिशन आणि कार्डाचं शुल्क. जे उरतं, त्यानेच खर्चाला भागायचं.

युनिसेक्स सलूनमध्ये आणखी एक अडचण असते. इथे दोन अगदी वेगळ्या प्रकारची गिऱ्हाइकं येतात, त्यामुळे "सरासरी बिल" फसवं ठरतं. म्हणून दोघांचा हिशोब आधी वेगळा मांडा. साध्या कटिंगचं कर वगळून बिल 100 धरू. पुढचे सगळे आकडे त्याच मापात आहेत, तुम्ही त्या जागी तुमचे घाला.

कटिंगच्या 100 मधून माल 6, कमिशन 15 आणि कार्डाचं शुल्क 2 वजा केलं की 77 हातात राहतात. खुर्ची अर्धा तास अडते. हेअर कलरचं बिल 600 धरलं, तर माल 150, कमिशन 90, शुल्क 12, म्हणजे 348 राहतात. पण झाडलोट आणि वॉश धरून खुर्ची अडीच तास अडते. आता तासाला भागून बघा: कटिंगची खुर्ची तासाला 154 मिळवते, कलरची 139. मोठं बिल म्हणजे मोठी कमाई, हे गृहीत धरू नका.

हे मला आकड्यांआधी डोळ्यांनी दिसलं होतं. एका शनिवारी संध्याकाळी एक बाई डोक्याला फॉइल लावून रंग चढायची वाट बघत कटिंगच्या खुर्चीतच बसल्या होत्या. वॉशचं बेसिन एकच, आणि तेही अडलेलं. तेवढ्यात बाकावरची दोन माणसं घड्याळ बघून उठून गेली. दुसऱ्याच आठवड्यात मी आरशाशिवायच्या दोन साध्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि रंग चढेपर्यंत गिऱ्हाइकाला तिथे बसवायला लागलो. त्याने मुख्य खुर्ची 40 मिनिटं मोकळी होते आणि कलरची तासाची कमाई 190 च्या घरात जाते. गाळ्याचं माप घेताना या दोन खुर्च्यांची आणि दुसऱ्या बेसिनची जागा आत्ताच शोधा. नळाची लाइन नंतर हलवणं महागात पडतं.

आता दोन्ही एकत्र करू. पाचात चार कटिंग आणि एक कलर धरला, तर पाच जणांमागे 656 उरतात, म्हणजे माणशी सुमारे 131.

मग महिन्याचा ठरलेला खर्च, जो एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी होणारच. भाडं 20,000, इमारतीचा देखभाल खर्च 2,000, पक्के पगार 36,000, वीज-पाणी-टॉवेल धुलाई 5,000, जाहिरात 3,000, फोन-विमा-हिशोबनीस 2,000. यात दोन ओळी लोक हमखास विसरतात. एक, तुमचा स्वतःचा पगार, 8,000. दुसरी, सजावटीचा खर्च. तो 2,40,000 असेल तर पाच वर्षांच्या 60 महिन्यांत वाटून दरमहा 4,000 धरा. फरशी, नळ, वायरिंग करार संपल्यावर गाळ्यातच राहतं, त्यामुळे ते टिकेल किती वर्षं यापेक्षा करार किती वर्षांचा आहे हेच इथे महत्त्वाचं. एकूण झाले 80,000.

80,000 भागिले 131.2 म्हणजे महिन्याला 610 गिऱ्हाइकं. 26 दिवस उघडं ठेवलं तर रोज साधारण 23 ते 24. हा तुमचा ब्रेक-ईव्हन.

पण इतकी गिऱ्हाइकं खुर्च्यांत मावतात का? पाच जणांना साडेचार तास, म्हणजे 610 जणांना 549 तास. चार खुर्च्या, दहा तास, 26 दिवस मिळून 1,040 तास आहेत. निम्म्याच्या थोडं वर, म्हणजे वरवर सोपं वाटतं. मात्र निम्मी गिऱ्हाइकं शनिवार-रविवारी आली, तर त्या दिवशी 35 जण होतात आणि 40 पैकी जवळपास 32 तास भरतात. ते तासही सकाळी नाही, दुपारनंतर भरतात. म्हणजे गर्दीच्या दिवशी जागा संपत आली असताना तुम्ही फक्त ना नफा ना तोट्यावर आहात. नफ्यासाठी लागणारी गिऱ्हाइकं सोम ते गुरूच्या दुपारी यायला हवीत, आणि ती आणणं सगळ्यात अवघड.

प्रमाण बदललं की आकडाही बदलतो. दहात एकच कलर झाला तर माणशी 104 उरतात आणि 610 च्या जागी 769 गिऱ्हाइकं लागतात. सलून भरलेलं दिसतं, तरी महिनाअखेर पैसे पुरत नाहीत. तसं झालं तर आधी हे प्रमाण तपासा. आगाऊ विकलेली पॅकेजेसही कमाईत धरू नका. ते काम अजून करून द्यायचं आहे.

पहिल्या महिन्यात 610 कोणालाच मिळत नाहीत. समजा 200, 300, 400, 500 अशी वाढ होऊन पाचव्या महिन्यात बरोबरी झाली. पहिल्या चार महिन्यांची तूट 1,36,000 च्या आसपास होते. त्यातून सजावटीचे 16,000 काढा, कारण ते पैसे आधीच खर्च झालेत. तरी 1,20,000 रोख हाताशी हवेत, म्हणजे सहा महिन्यांचं भाडं. डिपॉझिट आणि काम चालू असतानाचं भाडं याहून वेगळं.

आता सहीच्या आधीचा शेवटचा हिशोब, तो उलटा करा. गाळ्याजवळच्या दोन युनिसेक्स सलूनसमोर एक मधला दिवस आणि एक शनिवार बसा आणि आत जाणारी माणसं मोजा. त्यावरून तुम्हाला रोज 20 मिळतील असं वाटलं, तर महिन्याला 520, आणि त्यातून 68,000 उरतात. भाडं सोडून खर्च 60,000. म्हणजे हा गाळा तुम्हाला 8,000 ला परवडतो, आणि मालक 20,000 मागतोय. इतक्या फरकावर घासाघीस करून भागत नाही. दुसरा गाळा बघा किंवा दोन खुर्च्यांनी सुरुवात करा.

फरक थोडा असेल तर बोलणी जमतात. सजावटीच्या काळात आणि पुढे दोन महिने भाडं माफ मागा, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहून घ्या आणि तुमच्याकडून लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याची मुदत, एक वर्षापेक्षा जास्त मान्य करू नका. आणि गाळ्याला मंजूर वीजभार किती आहे ते वीजबिलावर बघा. चार ड्रायर, गीझर आणि एसी एकदम चालले पाहिजेत. भार वाढवायचा असेल तर तो खर्च कोणाचा, हे करारातच यायला हवं.