कोंडा कुठे आहे, ते आधी बघा

तुमच्या मांजरीचे केस गळतात आणि अंगावर कोंडा दिसतो, असं तुम्ही लिहिलंय. केस गळतात म्हणून लगेच घाबरू नका. मांजरीचं केस गळणं दिवसाच्या उजेडावर चालतं, त्यामुळे ऋतू बदलताना गळती वाढते. घरातच राहणाऱ्या, रात्रीही दिव्याच्या उजेडात असणाऱ्या मांजरीचे केस मात्र वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. सगळ्या अंगावरून सारखे गळत असतील आणि खालची कातडी दिसत नसेल, तर रोज कंगवा फिरवणं पुरे.

कोंडा मात्र, तुम्ही म्हणता तसं, फक्त शेपटीच्या मुळाशी, पाठीवर आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मनीचंही अगदी असंच होतं. मी शाम्पू बदलत बसले, आणि ती चूक होती. ती जाड झाली होती, सांधेही दुखत होते, त्यामुळे मान वळवून तिथपर्यंत चाटताच येत नव्हतं. डॉक्टरांनी सांध्यांवर औषध दिलं, खाणं मोजून द्यायला लावलं, मी रोज तेवढा भाग विंचरू लागले. तीनेक महिन्यांत पाठ पुन्हा चकाकली.

त्याआधी पिसवा तपासा. कंगव्यात काळे कण आले, तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. माणसांचं औषध किंवा कुत्र्याचं पिसवांचं औषध लावू नका. त्यात बऱ्याचदा असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीच्या जिवावर बेततं.

टक्कल पडलं, खपल्या धरल्या किंवा भरपूर खाऊनही म्हातारी मांजर रोडावली, तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. रोडावली असेल तर थायरॉइडसाठी रक्त तपासून घ्या.