पहाटे मरणारी पिल्लं: थर्मामीटर खांबावर नको, जमिनीवर हवा

प्रश्न: हिंगोली जिल्ह्यात आहे. एक दिवसाची ३०० गावरान-क्रॉस पिल्लं आणली, आज चौथा दिवस. २२ मेली, बहुतेक पहाटे, कोपऱ्यात एकावर एक चढून. १०० चे ४ बल्ब रात्रभर चालू असतात. खांबावरचा थर्मामीटर रात्री नऊला ३३ दाखवतो. काहींच्या शेपटीखाली पांढरं चिकटलंय. औषध कोणतं देऊ?

उत्तर:

राम राम भाऊ. औषध थांबवा थोडं. आधी तो थर्मामीटर खांबावरून काढा आणि बल्बपासून हातभर लांब, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे भुश्यापासून दोन इंचांवर ठेवा. आज पहाटे चारला उठून बघा.

माझ्या पहिल्या लॉटला हेच झालं होतं. डिसेंबर, पत्र्याचं शेड, २५० पिल्लं. खांबावर ३१ दिसायचं म्हणून मी निवांत झोपायचो. तिसऱ्या दिवशी पहाटे थर्मामीटर खाली ठेवला तर २३! बल्बची ऊब वर जाते, पत्र्याला लागते आणि पत्रा ती रात्रभर बाहेर सोडतो. रात्री नऊला बाहेरची हवा अजून फार गार झालेली नसते, म्हणून तेव्हाचा आकडा खोटा दिलासा देतो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो आणि दुपारी तिशीला जातो. या दोन टोकांमध्येच पिल्लं मरतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर ३३ ते ३५ अंश पाहिजे. तुमचे ४०० वॅट ३०० पिल्लांना हिशेबानं पुरतात, कारण पिल्लामागे एक ते दोन वॅट धरतात. ऊब कमी नाही, ती खाली राहत नाही. (बल्ब जुन्या तारेचेच आहेत ना? एलईडीनं उजेड पडतो, ऊब नाही.) आज संध्याकाळी एवढं करा. प्रत्येक बल्बवर पत्र्याचं जुनं घमेलं पालथं टांगा, मधे भोक पाडून होल्डर बसवा. घमेलं साखळीनं किंवा जाड तारेनं बांधा, विजेच्या वायरवर त्याचा भार नको. वायर तुटून भुश्यात बल्ब पडला तर शेड जाईल. बल्ब भुश्यापासून दीड फुटावर ठेवा. पत्र्याखाली, जमिनीपासून सहा-सात फुटांवर ताडपत्रीचं छत ताणा. बाजूचे पडदे खालून घट्ट लावा, पण वर फूटभर फट ठेवा. पूर्ण बंद केलं तर अमोनिया साचतो. सकाळी आत शिरताना तुमचे डोळे चुरचुरले, तर पिल्लांचे रात्रभर चुरचुरत होते.

आणि कोपरे काढून टाका. पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात कारण कोपरा आहे. पत्र्याची किंवा जाड पुठ्ठ्याची दीड फूट उंच पट्टी घेऊन गोल करा. ३०० पिल्लांना नऊ फूट व्यासाचं गोल सुरुवातीला पुरतं. मग दोन-तीन दिवसांनी वाढवत न्या, दहाव्या दिवसाच्या आसपास पट्टी काढून टाका.

थर्मामीटरपेक्षा पिल्लं खरं सांगतात. रात्री आवाज न करता जाऊन बघा. बल्बखाली गोळा होऊन कर्कश चिवचिव चालली असेल तर थंडी आहे. बल्बपासून दूर, पंख सैल सोडून तोंड उघडं असेल तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारं शिरतंय, तिथं हात धरून फट शोधा. सगळीकडे विखरून बारीक कुजबुज करत बसली असतील, तर झोपायला जा. आणखी एक खूण: एक पिल्लू उचलून त्याचे पाय गालाला लावा. पाय गार लागले तर हवा कितीही गरम दाखवो, खालचा भुसा गार आहे. म्हणूनच पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच भट्टी किंवा बल्ब लावून भुसा तापवून ठेवतात. ते बहुतेक जण विसरतात.

भुश्याचं म्हणाल तर आपल्या भागात भाताचं तूस मिळवायला लांब जावं लागतं. आरागिरणीवरचा लाकडाचा कीस उत्तम, दोन-तीन इंच थर. अगदी बारीक भुगा नको, पिल्लं तो खातात आणि पोट भरल्यासारखी बसून राहतात. सोयाबीनचं भुसकट पुष्कळ जण टाकतात. मी टाकत नाही. ते ओल नीट शोषत नाही, आणि काढणीच्या वेळी पावसात सापडलेलं असेल तर बुरशी धरतं. मग पिल्लं मान वर करून, तोंड उघडून श्वास घेतात, त्याला औषध लागू पडत नाही. पहिले दोन-तीन दिवस भुश्यावर वर्तमानपत्राचे चार-पाच थर घाला आणि रोज वरचा एक काढा. एकच गुळगुळीत कागद कधीच नको, पाय फाकून पिल्लं लंगडी होतात. पाण्याच्या भांड्याखालचा ओला भुसा मात्र रोज बदला. मूठ आवळून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर तो भुसा ओला आहे.

शेपटीखाली चिकटतंय ते बहुधा याचंच फळ. रात्री गारठा आणि दुपारी शेड तापलेलं असताना बल्ब चालूच, असं असणार. दुपारी बल्ब वर घ्या किंवा एक-दोन बंद करा. चिकटलेलं कोमट पाण्यानं कापूस भिजवून सोडवा आणि पिल्लू कोरडं करूनच आत सोडा. ओढून काढू नका, कातडी निघते.

पाणी टाकीतलं गार देऊ नका, कोमट द्या. आल्यावर दोन-तीन तास लिटरला २० ग्रॅम गूळ ठीक, पुढे नको, ढाळतात. ५० पिल्लांमागे पाण्याचं एक भांडं आणि खाद्याचं एक ताट धरा. पहिल्या दिवशी कागदावर मक्याचा बारीक भरडा, नंतर स्टार्टर खाद्य. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला साधारण १० ग्रॅम खातं, म्हणजे तुमची तीन किलो. दुसऱ्या आठवड्यात १५ ग्रॅम, साडेचार किलो. दोन आठवड्यांत ५० किलोचं एक पोतं आणि थोडं वर. पाणी खाद्याच्या दुप्पट. यापेक्षा कमी खात असतील तर रात्री दहा-वीस पिल्लांचं गळ्याखालचं पोतडं चाचपा. भरलेलं आणि मऊ हवं. कडक लागलं तर खाल्लंय पण पाणी मिळालं नाही. रिकामं असेल तर पिल्लू ऊब सोडून ताटापर्यंत जातच नाहीये, म्हणजे गाडी पुन्हा थंडीवरच येते.

वीज गेली की काय, तेही ठरवून ठेवा. कोळशाची शेगडी बाहेर पेटवा, धूर संपून निखारा लाल झाल्यावरच आत आणा, भोवती जाळी ठेवा, आणि ती वरची फट उघडीच असू द्या. बंद शेडात कोळशाचा वायू पिल्लांबरोबर माणसालाही झोपवतो.

दुसऱ्या आठवड्यात रोज अर्धा-अर्धा अंश उतरवत ३२ वर, मग ३० वर या. राणीखेत रोगावरची लासोटा लस सातव्या दिवसाच्या आसपास देतात, पण पिल्लं तेव्हाही गोळा होऊनच बसत असतील तर डॉक्टरांना विचारून एक-दोन दिवस पुढे ढकला.

हे करूनही दोन दिवसांत मर कमी झाली नाही तर कारण वेगळं आहे. मेलेल्या पिल्लाची बेंबी बघा. ओली, सुजलेली, पोट फुगलेलं आणि घाण वास असेल तर तो हॅचरीतून आलेला संसर्ग आहे. त्याला बल्बनं काही होत नाही. पहाटे मेलेली दोन-तीन ताजी पिल्लं बर्फात घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. आदल्या संध्याकाळची नेऊ नका, सडलेल्या पिल्लात काही कळत नाही.