संदर्भ दिला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही

प्रश्न: थिसीसमध्ये दुसऱ्याच्या पेपरमधली आकृती टाकली आणि खाली संदर्भ दिला, तरी परवानगी घ्यावी लागते का? तक्त्यांचं काय?

घ्यावी लागते. संदर्भामुळे चोरीचा आरोप टळतो, कॉपीराइटच्या मालकाची संमती मिळत नाही. आणि मालक बहुतेक वेळा प्रकाशक असतो, त्यामुळे लेखकाने ईमेलवर "खुशाल वापरा" म्हटलं तरी भागत नाही.

यावरून माझं आणि माझ्या गाइडचं चांगलंच वाजलं होतं. पहिल्या प्रकरणासाठी मला एका रिव्ह्यू पेपरमधली चार भागांची आकृती हवी होती. सर म्हणाले, "संदर्भ क्रमांक टाक, विषय संपला." मी तरी पेपरच्या पानावर Get rights and content दाबून RightsLink ही परवानग्या देणारी ऑनलाइन सेवा उघडली, थिसीससाठी वापर हा पर्याय निवडला, शुल्क शून्य दाखवलं आणि लायसन्स आलं. मग कॅप्शन शेवटपर्यंत वाचली. तिसऱ्या भागापुढे बारीक अक्षरांत भलत्याच प्रकाशकाचं नाव! म्हणजे तो भाग रिव्ह्यूवाल्यांनीच उसना आणलेला. लायसन्सच्या अटींतही लिहिलेलं होतं की दुसऱ्या स्रोताचं श्रेय दिलेल्या मजकुरासाठी त्या स्रोताकडे वेगळी परवानगी मागा. मी मूळ पेपर शोधून त्याच्या प्रकाशकाकडून परवानगी घेतली आणि कॅप्शनमध्ये भागवार लिहिलं: "(क) संदर्भ २७ मधून, प्रकाशकाच्या परवानगीने", पुढे लायसन्स क्रमांक.

"उगाच अडून बसतेस," हे सरांचं मत. पुढे थिसीस ऑनलाइन चढवताना ग्रंथालयाने परवानग्यांची फाइल मागितली. माझी तयार होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मात्र आकृत्या काढून रिकाम्या चौकटी ठेवाव्या लागल्या.

सरांचा दुसरा उपाय, "रंग बदलून पुन्हा काढ", हाही फोल. मांडणी तीच असेल तर ती रूपांतरित आकृतीच, तिलाही परवानगी लागते. मूळ आकडे घेऊन आपल्या पद्धतीने आलेख काढला तर गोष्ट वेगळी. मोजमापाच्या आकड्यांवर कॉपीराइट नसतो, "आकडे संदर्भ २७ मधून" एवढं पुरतं. तक्त्यांनाही हेच लागू: आकडे घ्या, पण कुणी विचारपूर्वक केलेलं वर्गीकरण रकान्यांसकट उचलू नका.

हां, पेपर CC BY या खुल्या लायसन्सखाली असेल तर परवानगीची गरज नाही. लेखक, लायसन्स आणि केलेले बदल नोंदवा. लायसन्सच्या नावात ND असेल तर बदललेली आकृती छापता येत नाही. काही देशांचे कायदे टीका किंवा परीक्षेसाठी सूट देतात, पण ती ऑनलाइन प्रतीला लागू होईल असं गृहीत धरू नका. आणि स्वतःच्या छापून आलेल्या पेपरमधली आकृतीही तपासा. कॉपीराइट प्रकाशकाला लिहून दिला असेल तर ती तुमची राहिलेली नसते. बरेच प्रकाशक लेखकाला थिसीससाठी मुभा देतात, पण ती करारात वाचून घ्या.