२५ वाल्याला काय उत्तर द्यायचं?

चिडून ब्लॉक करू नकोस. समज, तू जुनी स्कूटर ऑनलाइन विकायला काढून तिचे ४० हजार लावलेस आणि गाडी न बघताच समोरचा २५ म्हणाला. त्याला एवढंच लिही: ‘२५ ला जमणार नाही. मागचा टायर आणि बॅटरी नवी आहे, सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत. गाडी बघून, चालवून आकडा सांगा.’

नवखे फसतात ते पुढच्या मेसेजला. ‘शेवटचे किती?’ आलं की मनातला आकडा सांगून मोकळे होतात, आणि भेटल्यावर घासाघीस तिथूनच खाली सुरू होते. तो आकडा गाडीपाशीच काढायचा. तो २८ वर आला तर तू ३९ वर ये, थेट मध्यावर उडी नको.

‘फिक्स रेट’ मात्र लिहू नकोस, खरा गिऱ्हाईकही त्यानं परत जातो.