थर्मामीटर उकळत्या पाण्यात 97.5 दाखवतोय? आधी दाब कुठला घेतलात ते बघा

"पुण्यात शाळेत नववीच्या मुलांसमोर प्रयोग केला. थर्मामीटर बर्फात बरोबर 0 दाखवतो, पण उकळत्या पाण्यात 97.5 च्या वर जातच नाही. हवामानाच्या पानावर दाब 1010 आहे, म्हणजे जवळपास 100 यायला हवं ना? थर्मामीटर टाकून द्यावा का? आणि ज्यांनी 0 आणि 100 ठरवले त्यांनी हे कसं जमवलं?"

टाकून देऊ नका. माझ्या मते तुमचा थर्मामीटर ठणठणीत आहे. याच 1010 ने माझी तीन वर्षांची नोंदवही वाया घालवली, म्हणून सविस्तर लिहितो. मी मापनशास्त्रातला तज्ज्ञ नाही, शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होतो. कुणाला प्रमाणपत्रापुरतं काम असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच जावं.

पुण्यातच आमच्या शाळेच्या बागेत मी रोजचं तापमान लिहून ठेवायचो. थर्मामीटर तपासायचा म्हणून एका कार्यालयाला विचारलं, "आज इथला हवेचा दाब किती?" त्यांनी 1011 हेक्टोपास्कल सांगितलं. त्यावरून पाणी 99.9 ला उकळायला हवं होतं, आणि माझ्याकडे आलं 98.1. मी ठरवलं की थर्मामीटर वरच्या टोकाला 1.8 अंश कमी दाखवतो, आणि खाली 0 बरोबर असल्यामुळे मधल्या आकड्यांना प्रमाणात वाढ द्यायचा तक्ता केला. बागेत 38 दिसलं की वहीत 38.7. सगळ्यात मोठी चूक पुढे झाली. दर काही महिन्यांनी नवा आकडा विचारून तक्ता बदलत गेलो, आणि मूळ वाचन मात्र कधीच लिहून ठेवलं नाही. आता कुठल्या दिवशी किती मिळवलं होतं ते काढायला मार्ग नाही.

उलगडा झाला तो सुट्टीत, अलिबागला बहिणीकडे. तोच थर्मामीटर, तेच भांडं, आणि वाफेत आलं 99.8. काच तीच, पारा तोच, फक्त घाट उतरून समुद्राकाठी आलो होतो.

त्या कार्यालयाने सांगितलेला दाब खोटा नव्हता, पण तो पुण्याचा नव्हता. हवामानाच्या नकाशावर गावांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब हिशेबाने समुद्रसपाटीवर उतरवून देतात. पुणे साधारण 560 मीटर उंचीवर आहे, इथे प्रत्यक्षात पाण्यावर हवा दाबते ती 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. त्या दाबाला पाणी 98.2 ला उकळतं. मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा विचारलं, "हा इथलाच दाब ना?" तिन्ही वेळा "हो" म्हणाले. समुद्रसपाटीचा आहे एवढा एक शब्द कुणी उच्चारला असता तर! त्याचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही बघताय त्या पानावर MSLP किंवा QNH लिहिलेलं असेल तर तो आकडा समुद्रसपाटीवर उतरवलेला आहे, या कामाला वापरू नका. बऱ्याच फोनमध्ये दाबाचा सेन्सर असतो, तो मात्र जागेवरचा दाब देतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. थर्मामीटर आणि हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर, ही दोन उपकरणं सुरुवातीपासूनच एकमेकांत अडकलेली आहेत. गॅलिलिओ आणि सांतोरिओच्या काळातलं थर्मोस्कोप म्हणजे वर हवेचा फुगा आणि खाली उघड्या भांड्यातल्या द्रवात बुडवलेली नळी. हवा तापली की द्रव खाली सरकायचा. पण बाहेरचा दाब बदलला तरीही तो सरकायचा, आणि हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार? 1644 मध्ये तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीचा, म्हणजे पहिल्या बॅरोमीटरचा, प्रयोग कळवला, 1648 मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने, पेरियेने, ती नळी प्युइ द दोम डोंगरावर नेली आणि वर पारा खाली उतरलेला दिसला. हवेला वजन आहे आणि ते उंचीप्रमाणे बदलतं, हे त्यातून पक्कं झालं. त्यानंतर काही वर्षांत फ्लोरेन्समध्ये नळी वरून वितळवून बंद केलेले द्रवाचे थर्मामीटर आले आणि दाबाचा तो थेट परिणाम संपला.

पण दाब मागच्या दाराने परत आला, तो आखणीत. फॅरनहाइटने 1724 मध्ये आपली आखणी मांडली तेव्हा त्याला कळलेलं होतं की पाण्याचा उत्कलनबिंदू बॅरोमीटरबरोबर हलतो. स्वीडनमध्ये उप्साला इथे सेल्सियसने 1742 मध्ये दोन्ही टोकं नीट तपासली. वितळत्या बर्फाचा बिंदू जागा किंवा दाब बदलून हलत नाही, उकळण्याचा हलतो, म्हणून त्याने उकळण्याच्या खुणेसोबत बॅरोमीटरची उंचीही ठरवून दिली. (त्याच्या पट्टीवर 0 उकळण्याला आणि 100 गोठण्याला होतं. आजची उलटी मांडणी त्यानंतर आली.) मला विचाराल तर श्रेय शंभर भाग पाडण्याचं नाही, दाब लिहिण्याचं आहे.

तरीही कारागिरांचे थर्मामीटर एकमेकांशी जुळत नव्हते. म्हणून लंडनच्या रॉयल सोसायटीने हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1777 मध्ये तिने जे सांगितलं ते तुमच्या प्रयोगाला थेट लागू आहे. थर्मामीटरचा पाऱ्याचा फुगा पाण्यात बुडवू नका, वाफेत ठेवा, कारण पाणी भांड्याप्रमाणे थोडं जास्त तापू शकतं. नळीही पाऱ्याच्या वरच्या टोकापर्यंत वाफेत असू द्या. आणि बॅरोमीटर 29.8 इंच असताना खूण करा, नाहीतर दुरुस्ती धरा.

तुमचे उरलेले 0.7 अंश या नळीच्या मुद्द्यात सापडतील. फुगा पाण्यात आणि जवळपास सगळी नळी बाहेर असेल, तर बाहेरचा पारा थंड राहतो आणि कमी पसरतो. साधारण 80 अंशांचा पारा बाहेर आहे आणि तो सरासरी 45 अंशांवर आहे असं धरा. उकळत्या पाण्यापेक्षा तो 53 अंशांनी थंड. काचेत पाऱ्याचा दिसणारा पसारा दर अंशाला 0.00016, म्हणजे 80 × 53 × 0.00016 = 0.68. 98.2 मधून वजा करा, तुमचं 97.5 येतं. काही थर्मामीटर ठरावीक खोलीपर्यंतच बुडवण्यासाठी आखलेले असतात, त्यांच्या नळीवर तशी रेघ असते. तुमच्यावर ती असेल तर हा हिशेब लावू नका.

उलट बाजूही सांगतो. शाळेत पाऱ्याचा बॅरोमीटर असेल तर त्याचं वाचन जसंच्या तसं घेऊ नका. त्यातला पाराही तापून पसरतो, म्हणून तो 0 अंशांवर आणून मगच दाब म्हणायचा. पुण्यात 30 अंशांना साधारण साडेतीन मिलिमीटर वजा करावे लागतात. त्यासाठीच बॅरोमीटरच्या अंगावर छोटा थर्मामीटर जोडलेला असतो. बरेच जण तो शोभेचा समजतात.

मुलांसमोर पुन्हा कराल तेव्हा लांब मानेचा फ्लास्क घ्या, बुचातून थर्मामीटर घाला, फुगा पाण्याच्या बोटभर वर ठेवा. बुचाला वाफ जायला दुसरं भोक हवंच, बंद फ्लास्क फुटतो. वहीत मूळ वाचन, जागेवरचा दाब आणि खोलीचं तापमान असे तीन रकाने करा. दुरुस्तीचा चौथा रकाना वेगळ्या शाईने लिहा.