'ॲम जॉइन्ड' कुठून येते?

प्रश्न : "मित्राने नवी नोकरी लागल्याचे स्टेटस टाकले. मी त्यातला काळ आणि कॅपिटल अक्षरे सुधारून दिली, तर तो म्हणतो की 'रुजू झालो आहे' याचे सरळ इंग्रजी त्याचेच आहे. पहिली ओळ त्याची, दुसरी माझी. बरोबर कोणती?"

```
i am joined in a Software Company as Senior Accounts Manager from last monday
I have joined in a Software Company as Senior Accounts Manager last Monday.
```

दोन्ही ओळी चुकीच्या आहेत. आपली थोडी कमी चुकीची आहे इतकेच. शुद्ध ओळ अशी होईल :

```
I joined a software company as senior accounts manager last Monday.
```

'ॲम जॉइन्ड' हा प्रयोग गेली कित्येक वर्षे माझ्या कानांवर आणि डोळ्यांवर आदळत आहे, आणि तो करणारी माणसे अडाणी मुळीच नसतात, म्हणूनच तो अधिक खटकतो. तो कुठून आला हे समजले की चूक आपोआप सुटते, आणि त्यासाठी आधी 'रुजू' या शब्दाकडे पाहावे लागते. हा शब्द 'रुजणे' या क्रियापदापासून आला, म्हणजे माणूस नव्या जागी मूळ धरतो म्हणून तो 'रुजू' होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात; काही जण तर त्याला 'ऋजु'शी जोडून 'ऋजू झालो' असे लिहितात. दोन्ही व्युत्पत्ती केवळ ध्वनिसाम्यावर उभ्या आहेत आणि त्या सोडून द्याव्यात. 'रुजू' हा अरबी 'रुजूअ' आहे. त्याचा अर्थ वळणे, परत येणे, एखाद्याकडे जाणे असा आहे, आणि दरबारी फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. मराठीत त्याचे क्रियापद झाले नाही. 'हजर' जसा होण्याला चिकटून चालतो, तसाच 'रुजू'ही चालतो : हजर झालो, रुजू झालो. म्हणून 'रुजू झालो आहे' या वाक्यात घडण्याचे सगळे काम 'होणे' करते, आणि 'रुजू' हा शब्द अवस्था तेवढी सांगतो. आपल्या मित्राने या अवस्थेच्या जागी 'जॉइन्ड' ठेवले, 'आहे'च्या जागी 'ॲम' ठेवले, आणि त्याला भाषांतर पूर्ण झाल्यासारखे वाटले. इंग्रजीतले 'जॉइन' मात्र अवस्था सांगत नाही. ते सकर्मक क्रियापद आहे आणि त्याला कर्म लागते. म्हणून 'जॉइन्ड अ कंपनी' म्हणावे, 'जॉइन्ड इन अ कंपनी' म्हणू नये. आपण काळ सुधारलात, पण कंपनीच्या आधीचे ते 'इन' तसेच राहू दिलेत. मराठीतल्या 'कंपनीत' या सप्तमीची ती सावली आहे.

आता या 'जॉइन'चे कूळ पाहावे, कारण माझ्या मते साऱ्या गोंधळाची गुरुकिल्ली तिथे आहे. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या 'जॉइन्द्र'वरून घेतला आणि फ्रेंचने तो लॅटिनच्या 'युंगेरे'वरून घेतला. 'युंगेरे' म्हणजे जोडणे, जुंपणे. हाच धातू संस्कृतात 'युज्' म्हणून नांदतो : युनक्ति, युक्त, योग, उद्योग. लॅटिनमध्ये बैलांच्या मानेवरच्या जोखडाला 'युगुम' म्हणतात, संस्कृतात 'युगम्' आणि इंग्रजीत 'योक'. आपले मराठी 'जू' याच 'युग'चे झिजलेले रूप आहे. हजारो मैलांच्या अंतरावर वाढलेल्या या चार शब्दांना एकच आजी आहे. याच घरातला आणखी एक शब्द या प्रश्नाला विशेष लागू पडतो. क्रियापद काळांत आणि पुरुषांत चालवण्याला इंग्रजी व्याकरणात 'कॉन्जुगेशन' म्हणतात, म्हणजे शब्दशः एकत्र जुंपणे. तेव्हा 'जॉइन'चा काळ सुधारणे म्हणजे त्या धातूला त्याच्याच घरच्या जुवाखाली नीट आणणे होय.

'युज्'ला 'नि' हा उपसर्ग लागला की 'नियुक्त' तयार होते, आणि इथे मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. 'नियुक्त' हे कर्मणी भूतकाळवाचक धातुसाधित आहे, म्हणजे ज्याला कोणी तरी कामावर लावले आहे तो. 'माझी नियुक्ती झाली आहे' किंवा 'मी नियुक्त झालो आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा लावणारा दुसरा असतो आणि आपण लावले गेलेले असतो. याचे इंग्रजी 'आय ॲम अपॉइंटेड' असे होते आणि ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, कारण ते कर्मणी आहे. नेमणूकपत्रातही हीच भाषा असते. 'ॲम जॉइन्ड' हा या 'ॲम अपॉइंटेड'चा साचा 'जॉइन'वर चढवल्याने जन्मला, अशी माझी धारणा आहे. पत्र हातात येते, त्यात 'यू आर अपॉइंटेड' असे वाचलेले असते, मनात 'रुजू झालो आहे' घोळत असते, आणि दोन्हींच्या मधोमध 'आय ॲम जॉइन्ड' तयार होते. नेमणूक करणारी कंपनी असते, परंतु जॉइन करणारे आपण असतो. म्हणून पहिले कर्मणी शोभते आणि दुसरे कर्तरीच हवे. 'आय ॲम जॉइन्ड' हे इंग्रजीत अस्तित्वातच नाही असे मात्र नाही. वृत्तनिवेदक 'आय ॲम जॉइन्ड बाय' असे म्हणून पाहुण्याचे नाव घेतो, तेव्हा त्याचा अर्थ 'माझ्यासोबत अमुक येऊन बसले आहेत' असा असतो. आपल्या मित्राच्या वाक्यात 'बाय' असते, तर कंपनीच त्याच्याकडे येऊन रुजू झाली, असा अर्थ निघाला असता.

या प्रयोगाची बाजू घेणारे काही जाणकार जुन्या इंग्रजीचा दाखला देतात. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'आय ॲम कम' असे आहे, ते 'मी आलो आहे'शी तंतोतंत जुळते, मग 'ॲम जॉइन्ड'ला अडवायचे कारण काय, असा त्यांचा सवाल असतो. दाखला खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. जुन्या इंग्रजीत येणे, जाणे, होणे अशा अकर्मक क्रियापदांच्या पूर्ण काळाला 'बी' हे साहाय्यक लागत असे, आणि सकर्मकांना तेव्हाही 'हॅव'च लागत असे. जर्मन आणि फ्रेंच भाषांत हा भेद आजही टिकून आहे, आणि इंग्रजीतही 'ही इज गॉन'मध्ये त्याचा एक अवशेष उरला आहे. 'कंपनी जॉइन करणे' हे सकर्मक असल्यामुळे त्या जुन्या नियमानेही त्याला 'बी' मिळाले नसते. मराठीत 'आलो आहे' आणि 'पत्र लिहिले आहे' या दोन्हींना 'आहे'च पुरते, म्हणून हा भेद आपल्याला जन्मतः जाणवत नाही.

आता आपल्या ओळीकडे वळतो. 'हॅव जॉइन्ड' हे शुद्ध आहे आणि 'लास्ट मंडे' हेही शुद्ध आहे, पण दोन्ही एका वाक्यात नांदत नाहीत. ही बातमी तारखेविना द्यायची असेल, तर पूर्ण वर्तमानकाळ उत्तम आहे, कारण त्यात आजच्या स्थितीवर भर असतो. 'गेल्या सोमवारी', 'एक तारखेला', 'काल' असा संपून गेलेला काळ नाव घेऊन सांगितला, की इंग्रजी साधा भूतकाळ मागते. मराठीला अशी अडचण नाही. 'मी एक तारखेला रुजू झालो आहे' हे वाक्य कोणालाही खटकत नाही. शाळेतल्या व्याकरणाने दोन्ही भाषांतल्या या रूपांना 'पूर्ण वर्तमानकाळ' हे एकच नाव दिले, त्यामुळे दोन्हींचे वर्तनही एकच असणार असे विद्यार्थ्यांना वाटले, आणि माझ्या मते इथे पाठ्यपुस्तकांनी फार मोठे नुकसान केले आहे. मित्राच्या ओळीतले 'फ्रॉम' याच जातीचे आहे. जॉइन करणे एका क्षणात उरकते, म्हणून त्याला 'पासून' लावता येत नाही. 'सोमवारपासून' हेच सांगायचे असेल, तर क्रियापद बदलावे :

```
I have been working at a software company since last Monday.
```

काळ चुकण्याला लिंक्डइनवरचे तयार वाक्यही हातभार लावते. 'आय ॲम स्टार्टिंग अ न्यू पोझिशन' हा चालू वर्तमानकाळ रुजू होण्याच्या आगेमागे काही दिवस शोभतो. तीन महिने काम केल्यावर तेच वाक्य टाकले, तर वाचणारा माणूस अजून सुरुवातच होत आहे असे समजतो. अशा वेळी 'स्टार्टेड' लिहावे आणि महिना सांगावा.

कॅपिटल अक्षरांच्या बाबतीत मंडेचा एम आपण बरोबर पकडलात, पण 'सॉफ्टवेअर कंपनी' आणि 'सीनियर अकाउंट्स मॅनेजर' ही दोन्ही तशीच सोडलीत. कंपनीचे विशेषनाव असते तर ते कॅपिटलने लिहिले असते. 'एक सॉफ्टवेअर कंपनी' हे सामान्यनाम आहे. पदाचा नियम असा, की ते व्यक्तीच्या नावाच्या लगेच आधी आले तर कॅपिटल, एरवी स्मॉल. शिकागो मॅन्युअल आणि असोसिएटेड प्रेस यांच्या लेखनपुस्तिका यावर एकमत आहेत : 'प्रेसिडेंट लिंकन'मध्ये पी मोठा, आणि 'लिंकन प्रेसिडेंट होते' या वाक्यात लहान. नेमणूकपत्रात प्रत्येक पद कॅपिटलने लिहितात, म्हणून सर्वत्र तसेच लिहावे असे अनेक कार्यालयांत सांगितले जाते. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. करारात कॅपिटल अक्षर 'वर व्याख्या केलेली संज्ञा' असे सुचवते, आणि स्टेटसमध्ये तशी व्याख्या कुठेच नसते. आपल्याकडे मान क्रियापदातून दिला जातो, 'साहेब आले' असे म्हणून. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी नसल्यामुळे कॅपिटल अक्षर म्हणजे मानाची पगडी असा समज झाला असावा.

उरला तो एकटा स्मॉल 'आय', आणि तो मात्र कधीही स्मॉल लिहू नये. इंग्रज माणसाचा अहंकार या कॅपिटलमध्ये दिसतो असे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलेले मी वाचले आहे, आणि ते निखालस चूक आहे. हे सर्वनाम जुन्या इंग्रजीत 'इच' असे होते. ते जर्मन 'इश', लॅटिन 'एगो' आणि संस्कृत 'अहम्' यांचे सख्खे भावंड आहे. पुढे त्यातला 'च' गळाला आणि एकच उभी रेघ उरली. हस्तलिखितांत एम, एन आणि यू ही अक्षरेही अशाच आखूड उभ्या रेघांनी काढत, त्यामुळे ती एकटी रेघ शेजारच्या शब्दात मिसळून जाई. म्हणून लेखनिक ती उंच काढू लागले, आणि चौदाव्या शतकापर्यंत ही रीत बरीच रुळली होती. अहंकारच कारण असते, तर जर्मनांनी आपला 'इश' वाक्याच्या मध्येही कॅपिटलने लिहिला असता. ते तर सगळी नामे कॅपिटलने लिहितात, समोरच्याला आदराने उद्देशून वापरलेले 'झी' कॅपिटलने लिहितात, आणि 'इश' मात्र स्मॉलच ठेवतात.